एक ग्राइंडर, चार भांडी: एस्प्रेसो, मोका पॉट, पोअर-ओव्हर आणि फ्रेंच प्रेस यांतील कॉफी पुन्हा पुन्हा का बिघडते

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. घरात मोका पॉट आणि पोअर-ओव्हरची शंकूच्या आकाराची गाळणी अशी दोन्ही साधने आहेत, दळण्यासाठी एकच हातग्राइंडर आहे आणि बिया चिकमगळूर किंवा कूर्गकडच्या, कुरिअरने मागवलेल्या आहेत. मोकासाठी जमवलेल्या दळणावर पोअर-ओव्हर केली की पाणी गाळणीतच तुंबून राहते आणि कॉफी कडवट उतरते. म्हणून ग्राइंडर थोडा सैल करून दळण जाड केले, की पोअर-ओव्हर सुधारते. पण दुसऱ्या दिवशी त्याच आकड्यावर मोका लावला तर पाणचट आणि आंबटसर कॉफी वर येते. मग पुन्हा आकडा बदलला जातो, बिया बदलल्या जातात, कधी दूध-साखर वाढवून वेळ मारून नेली जाते, आणि काही आठवड्यांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड या शहरांतील कॉफी करणाऱ्या मंडळींकडून हीच तक्रार थोड्याफार फरकाने ऐकू येते, म्हणून तिचे मूळ आणि दुरुस्ती येथे सविस्तर लिहीत आहे.

मूळ असे आहे की दळणाची जाडी बियांवरून ठरत नाही. पाणी आणि कॉफी किती वेळ एकत्र राहणार आणि पाणी कोणत्या जोराने ढकलले जाणार, यावरून ती ठरते. एस्प्रेसो यंत्रात पाणी सुमारे ९ बार दाबाने २५ ते ३० सेकंदांत कॉफीतून पार होते, म्हणून एवढ्या थोड्या वेळात चव उतरण्यासाठी आणि त्या दाबाला अडवण्यासाठीही कण अतिशय बारीक लागतात. मोका पॉटमध्ये दाब बराच कमी, साधारण १ ते २ बार इतकाच असतो. पोअर-ओव्हरमध्ये दाब नसतो, पाणी केवळ स्वतःच्या वजनाने अडीच ते साडेतीन मिनिटांत खाली उतरते. फ्रेंच प्रेसमध्ये तर पाणी वाहतच नाही. कॉफी चार मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ पाण्यात भिजत राहते, म्हणून तेथे कण सर्वांत जाड हवेत. वेळ वाढला की कण जाड करायचे आणि वेळ घटला की बारीक, हा या सगळ्याचा पाया आहे.

ग्राइंडरवरचे आकडे एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीला लागू होत नाहीत, त्यामुळे बोटांची ओळख अधिक भरवशाची ठरते. आपल्या स्वयंपाकघरातील रवा यासाठी चांगले माप आहे. एस्प्रेसोचे दळण मैद्यापेक्षा खरखरीत पण बारीक रव्यापेक्षा नक्कीच बारीक असावे. चिमटीत दाबले असता त्याची ढेकळी बनते आणि तिच्यावर बोटाचा ठसा उमटतो. मोकाचे दळण बारीक रव्याच्या जवळ जाते, चिमटीत किंचित चिकटते पण सोडताच सुटे होते. पोअर-ओव्हरचे दळण जाड रव्यासारखे, बोटांवरून सहज घरंगळणारे असते. फ्रेंच प्रेसचे दळण जाड रव्याहून मोठे, मात्र लापशीच्या रव्याइतके मोठे नसावे. ही सुरुवातीची जागा आहे. तेथून पुढे कोणत्या दिशेला किती सरकायचे हे भांड्यातील प्रवाह आणि जिभेवरची चव ठरवते.

चवीची लक्षणे नीट वेगळी करता आली पाहिजेत, कारण बहुतेक चुका येथे होतात. कॉफीतून गरजेपेक्षा जास्त उतरले असेल, तर कडूपणाबरोबर तुरटपणा येतो, जीभ आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते आणि ती चव बराच वेळ रेंगाळते. कमी उतरले असेल, तर टोचणारा आंबटपणा, काहीसा खारटपणा आणि घोट गिळताच चव संपल्याची भावना येते. कॉफी नुसती दाट असणे म्हणजे ती कडू असणे नव्हे. दाट लागत असेल तर कपात थोडे गरम पाणी घालून पाहावे. पाण्याने ती सुखद झाली तर दोष प्रमाणाचा होता, दळणाचा नव्हता. पाणी घालूनही तुरटपणा तसाच राहिला तर मात्र ग्राइंडरकडे वळावे.

मोका पॉट: सर्वाधिक तक्रारी येथे

अल्फोन्सो बियालेत्ती यांचा मोका पॉट १९३३ साली इटलीत आला आणि त्यातील कॉफीला आजही बरेच जण ‘घरची एस्प्रेसो’ म्हणतात. या नावामुळेच घोटाळा होतो. विक्रेत्याकडून दळून घेताना ‘एस्प्रेसोसाठी’ असे सांगितले जाते किंवा ग्राइंडर एस्प्रेसोच्या आकड्यावर ठेवला जातो आणि इतके बारीक दळण मोकाच्या जाळीत अडकून बसते. खालच्या भांड्यातील वाफेचा दाब एस्प्रेसो यंत्राच्या मानाने फार कमी असल्याने पाण्याला त्या थरातून वाट मिळत नाही. ते खालीच तापत राहते, आणि उशिराने वर येते तेव्हा अतिशय गरम होऊन, थेंबाथेंबाने, कॉफीला करपवत येते. त्यावर कोणी चमच्याने पूड दाबून बसवली असेल तर प्रश्न केवळ चवीचा उरत नाही, कारण दाब वाढून सुरक्षा झडप उघडू शकते आणि कडेच्या सांध्यातून वाफ फुटू शकते. मोकाची वाटी सपाट भरावी, वरची पूड बोटाने समतल करावी आणि ती कधीही दाबू नये. खालच्या भांड्यातील पाणी झडपेच्या खालीच ठेवावे आणि झडप क्षाराने बुजलेली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

दळण बरोबर आहे की नाही हे मोकाच्या बाबतीत प्रवाह पाहून ओळखता येते. झाकण उघडे ठेवून मंद आचेवर निरीक्षण करावे. दळण योग्य असेल तर कॉफी मधासारख्या अखंड धारेने वर येते, तिचा रंग हळूहळू गडद तपकिरीकडून फिकट सोनेरीकडे जातो आणि साधारण मिनिटभरात ती फुरफुरू लागते. फुरफुर सुरू होताच पॉट आचेवरून उतरवावा, कारण त्यानंतर जे येते ते बहुतेक वाफ आणि कडवटपणा असतो. दळण फार बारीक असेल तर धार न बनता काळसर थेंब अडखळत येतात आणि सांध्यातून सूं सूं आवाज ऐकू येतो. दळण फार जाड असेल तर कॉफी उसळी मारून, सुरुवातीपासून फिकट रंगाची आणि काही सेकंदांत वर येते.

येथे मराठवाड्यात ध्यानात ठेवण्याजोगी एक गोष्ट आहे. पॉट गॅसवर ठेवल्यापासून पहिला थेंब येईपर्यंतचा वेळ अनेक जण मोजतात आणि त्यावरून दळणाचा निवाडा करतात. परंतु मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतील पाणी नळातून मुळातच बरेच तापलेले येते, तर डिसेंबरात तेच पाणी थंडगार असते. त्यामुळे दळण अजिबात न बदलता हा वेळ एक-दोन मिनिटांनी सहज पुढेमागे होतो. म्हणून पहिल्या थेंबापासून फुरफुरीपर्यंतचा वेळ मोजावा. ऋतूचा त्यावर फारसा परिणाम होत नाही, दळणाचा आणि आचेचा होतो. आच प्रत्येक वेळी सारखी राहावी म्हणून गॅसची लहान शेगडी वापरावी आणि ज्योत पॉटच्या बुडाबाहेर येऊ देऊ नये. प्रत्येक वेळी उकळते पाणीच भरण्याची सवय केली तर ऋतूचा प्रश्न उरतच नाही, फक्त तापलेले भांडे फडक्याने धरून वरचा भाग नीट आवळावा लागतो.

लातूरच्या एका घरातले उदाहरण

लातूरच्या एका परिचित कुटुंबात तीन कपांचा मोका पॉट, एक कपाची शंकूची गाळणी आणि शून्यापासून एकेका क्लिकने दळण जाड होत जाणारा हातग्राइंडर आहे. बिया चिकमगळूरच्या अरेबिकाच्या, मध्यम भाजलेल्या. तेथे ग्राइंडर १० क्लिकवर ठेवून दोन्ही प्रकार केले जात होते आणि दोन्ही कडू होत होते. पुढील आकडे त्या ग्राइंडरचे आहेत, ते जसेच्या तसे घेऊ नयेत. आकडे कोणत्या क्रमाने शोधले, ते पाहावे.

पहिले काम शून्य शोधण्याचे. ग्राइंडर रिकामा असताना दळणाऱ्या दोन्ही चकत्या एकमेकींना टेकेपर्यंत नॉब हलक्या हाताने आवळायचा आणि मूठ मोकळी फिरायची थांबते तेथे शून्य धरायचे. तेथे हे कधी तपासलेच गेले नव्हते. धुऊन पुन्हा जोडताना ग्राइंडर दोन क्लिक आवळला गेला होता, त्यामुळे १० म्हटले जात होते ते प्रत्यक्षात ८ होते. ‘कालपर्यंत चांगली होती, आज काय झाले’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच असते.

नंतर मोका घेतला. पूड १६ ग्रॅम, पाणी झडपेखालपर्यंत १५० ग्रॅम, लहान शेगडी, मंद आच. हे चारही घटक शेवटपर्यंत बदलले नाहीत. खऱ्या १० क्लिकवर अडखळते थेंब आणि तुरट कॉफी मिळाली. १३ वर धार बनली, पण घोटानंतर जीभ अजून कोरडी पडत होती. १५ वर अखंड धार, सुमारे ५० सेकंदांत फुरफुर आणि चवीत गुळासारखा गोडवा आला. खात्रीसाठी मुद्दाम १८ वर करून पाहिले तेव्हा कॉफी उसळून आली आणि पाणचट लागली. दोन्ही बाजूंचे बिघाड चाखून झाल्यावर १५ हा आकडा पक्का केला. बिघडलेली कॉफी मुद्दाम करून चाखणे वाया गेल्यासारखे वाटते, परंतु योग्य जागा दोन चुकांच्या मध्ये आहे हे जिभेला एकदा समजले की पुढच्या पाकिटाला शोध फार लवकर संपतो, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर शंकूची गाळणी. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी, आधी ४० ग्रॅम पाण्याने ४० सेकंद भिजवणे आणि उरलेले पाणी दोन टप्प्यांत, कमी उंचीवरून हळू ओतणे. सुरुवात २२ क्लिकवर केली तर २ मिनिटे १० सेकंदांत सर्व पाणी उतरले आणि कॉफी टोचणारी आंबट लागली. २० वर २ मिनिटे ५० सेकंद लागले. आंबटपणा फळासारखा झाला आणि मागे गोडवा राहिला. मोकाच्या जवळ जाऊन १७ वर केले तेव्हा पाणी गाळणीत साचून सव्वाचार मिनिटे लागली आणि कडवटपणा परतला. याचा अर्थ त्या घरात मोकासाठी १५ आणि पोअर-ओव्हरसाठी २० असे दोन आकडे लागतात, आणि दोन्हींसाठी एकच आकडा शोधण्याचा प्रयत्न मुळातच फसणारा होता. ग्राइंडरच्या डब्यावर चिकटपट्टी लावून हे दोन आकडे आणि बियांचे नाव लिहून ठेवले आहे.

पोअर-ओव्हर तुंबते तेव्हा

पाणी उशिरा उतरणे आणि कॉफी कडू असणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर दळण जाड करावे, यात शंका नाही. लवकर उतरणे आणि आंबट असणे एकत्र असेल तर बारीक करावे. अडचण तिसऱ्या प्रकारात आहे: पाणी तुंबते, वेळ लांबतो, आणि तरी कॉफी आंबट व तुरट दोन्ही लागते. येथे अधिक बारीक किंवा अधिक जाड करून उपयोग होत नाही, कारण दोष असमानतेचा असतो. दळणात पिठासारखी धूळ जास्त असेल तर ती वाहत जाऊन कागदाच्या छिद्रांत बसते. काही भागांतून पाणी पुन्हा पुन्हा जाते आणि काही भाग जेमतेम भिजतो.

अशा वेळी पाणी उतरल्यावर चोथ्याकडे पाहावे. चोथा सपाट असून त्यावर चिखलासारखा गुळगुळीत थर दिसला तर धूळ जास्त आहे किंवा पाणी फार उंचावरून, जोराने ओतून पूड घुसळली गेली आहे. आधी ओतणे सुधारावे: केटलची चोच गाळणीच्या जवळ ठेवावी, धार बारीक ठेवावी आणि कागदाच्या भिंतीवर पाणी सोडू नये. ओतणे सुधारूनही चिखल राहिला तर ग्राइंडरच्या चकत्या झिजल्या आहेत का, त्यांच्यात तेलकट पूड साचली आहे का, हे तपासावे. चकत्या कोरड्या ब्रशने साफ कराव्यात. धुतल्याच तर पूर्ण वाळल्याशिवाय जोडू नयेत आणि जोडल्यावर शून्य पुन्हा शोधावा.

भाजणीचाही येथे संबंध येतो. गडद भाजलेल्या बिया ठिसूळ असतात, दळताना अधिक धूळ करतात आणि पाण्यात लवकर उतरतात, म्हणून त्या नेहमीच्या आकड्यापेक्षा थोड्या जाड दळाव्यात. हलक्या भाजलेल्या बिया कठीण आणि उतरायला हट्टी असतात. त्या थोड्या बारीक दळाव्यात. पाकीट बदलले आणि चव बिघडली, तर पहिला संशय भाजणीवर घ्यावा.

फ्रेंच प्रेसमधील गाळ

फ्रेंच प्रेसची तक्रार बहुधा गाळाचीच असते आणि तिचे निदान दट्ट्या करून देतो. दट्ट्या खाली नेताना जोर लावावा लागत असेल तर दळण फार बारीक आहे. अशा वेळी तो रेटू नये, कारण गरम कॉफी कडेने उसळून हात भाजण्याचा धोका असतो. दट्ट्या थोडा वर घेऊन पुन्हा सावकाश न्यावा. दट्ट्या काहीही अडथळा न होता खाली पडत असेल आणि कॉफी पाणचट असेल तर दळण फार जाड आहे. ५०० ग्रॅम पाण्याला ३० ग्रॅम पूड घ्यावी, चार मिनिटांनी वरची साय चमच्याने हलवून मोडावी, फेस काढून टाकावा आणि आणखी काही मिनिटे भांडे तसेच ठेवावे. गाळ आपोआप तळाशी बसतो आणि दट्ट्या केवळ कॉफीच्या पृष्ठभागापर्यंत नेला तरी पुरतो. लातूरच्या त्याच ग्राइंडरवर यासाठी २७ क्लिक लागले.

ज्यांच्याकडे ग्राइंडर नाही आणि घरचा मिक्सरच आहे, त्यांच्यासाठी चारांपैकी फ्रेंच प्रेसच सोयीचा आहे. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, फोडते. त्यामुळे एकाच वेळी पीठही होते आणि मोठे तुकडेही राहतात. मिक्सर सलग न चालवता क्षणभर चालवून थांबवावा, भांडे हलवावे, पुन्हा क्षणभर चालवावा. नंतर मैद्याच्या चाळणीने पीठ काढून टाकावे आणि वर राहिलेली भरड वापरावी. एस्प्रेसोचे दळण मिक्सरमधून मिळत नाही. मोकासाठी ते कामचलाऊ होते, एवढेच.

एस्प्रेसो: रोज सरकणारे लक्ष्य

एस्प्रेसोची चौकट साधी आहे. १८ ग्रॅम पुडीतून सुमारे ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत यावी. १५ सेकंदांत आली तर दळण जाड आहे, ४५ सेकंद लागले तर बारीक आहे. तरीही घरी यंत्र घेतलेल्यांची तक्रार असते की आकडा कितीही बदलला तरी फरक पडत नाही. याचे कारण पुष्कळदा यंत्रासोबत आलेल्या, पूड भरायच्या जाळीत असते. अनेक घरगुती यंत्रांत दुहेरी तळाची जाळी येते, जिच्या बाहेरच्या तळाला एकच सूक्ष्म छिद्र असते. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, कॉफीच्या थरामुळे नव्हे. तिच्यात दळणाचा प्रभाव फार कमी पडतो आणि वरचा फेसही त्या छिद्राचाच असतो. जाळी उजेडासमोर धरावी. बाहेरून एकच छिद्र दिसले तर ही जाळी दुहेरी आहे. तिच्यासाठी मोकाच्या जवळचे दळण पुरते. दळणावर खरे नियंत्रण हवे असेल तर साधी, संपूर्ण तळाला छिद्रे असलेली जाळी घ्यावी लागते आणि मग ग्राइंडरही बारीक पावलांनी सरकणारा लागतो. ज्या हातग्राइंडरच्या एका क्लिकने वेळ दहा सेकंदांनी बदलतो, तो एस्प्रेसोसाठी अपुरा आहे.

विजेच्या ग्राइंडरवर आकडा बदलल्यावर नळीत आधीच्या जाडीची काही ग्रॅम पूड उरलेली असते. ती टाकून न देता लगेच कॉफी केली तर जुन्या-नव्या दळणाचे मिश्रण जाळीत जाते आणि निदान चुकते. म्हणून आकडा बदलल्यावर चार-पाच ग्रॅम दळून बाजूला टाकावे आणि मगच चाचणी घ्यावी. शिवाय पाकीट उघडल्यापासून बियांतील वायू निघून जात राहतो, आणि त्यामुळे त्याच आकड्यावर कॉफी दिवसागणिक लवकर पडू लागते. अशा वेळी एकेक लहान पाऊल बारीककडे सरकावे.

बारीक करत जाण्यालाही मर्यादा आहे. एका टप्प्यानंतर पाणी थरातून समान न जाता एखादी भेग शोधून तेथूनच वाहते. मग वेळ वाढण्याऐवजी घटतो, धार पिवळट होऊन वाकडी फवारते आणि कॉफी एकाच वेळी आंबट व कडू लागते. हे लक्षण दिसताच आणखी बारीक करू नये. एक-दोन पावले जाडकडे यावे, पूड बारीक सुईने मोकळी करून समान पसरावी आणि दाबताना दट्टा सरळ धरावा.

हवामानाचा परिणाम या चारांत एस्प्रेसोवर सर्वांत ठळक दिसतो. एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत दळलेली पूड विद्युतभारित होऊन ग्राइंडरच्या भिंतीला चिकटते, इकडेतिकडे उडते आणि १८ ग्रॅम बिया टाकून पूड त्याहून कमी मिळते. दळण्यापूर्वी ओल्या चमच्याच्या दांडीने बिया एकदा हलवल्या तर ही चिकटण पुष्कळ कमी होते. थेंबभर पाणी पुरे, अधिक घालू नये. उलट त्याच दिवसांत खोलीत कूलर चालू असेल तर त्याच्या झोतात हवा ओलसर असते आणि दळलेली पूड तो ओलावा शोषून घेते. सकाळी कूलर बंद असताना लावलेला आकडा दुपारी त्याच्या शेजारी बसून चालला नाही, तर ग्राइंडरला दोष देण्याआधी जागा बदलून पाहावी आणि पूड दळताच वापरावी.

दळण बदलून न सुटणारे बिघाड

आकडे सगळीकडे फिरवूनही कॉफी सपाट, खडूसारखी लागत असेल तर पाणी तपासावे. मराठवाड्यातील बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी कठीण असते. त्यातील क्षार कॉफीचा सुखद आंबटपणा मारून टाकतात आणि मोका व एस्प्रेसो यंत्रात पांढरा थर साचवतात. याच्या उलट घरच्या आरओ यंत्रातून फारच कमी क्षारांचे पाणी येत असेल तर कॉफी पोकळ आणि टोचरी लागते. कॉफीसाठी साधारणपणे लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार चांगले मानले जातात. तपासण्याची सोपी पद्धत अशी की बाकी सर्व तसेच ठेवून एक कप बाटलीबंद पाण्याने करावा. तो स्पष्टपणे बरा लागला तर ग्राइंडरला हात लावू नये. आरओचे आणि साधे गाळलेले पाणी मिसळून प्रमाण शोधावे.

उकळत्या पाण्याची काळजी मात्र फारशी करू नये. लातूर-संभाजीनगरच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते आणि मध्यम भाजणीच्या पोअर-ओव्हरसाठी ते उकळीनंतर अर्धा मिनिट थांबून वापरले तरी चालते.

दुसरा बिघाड पाकिटात असतो. दक्षिणी फिल्टरसाठी मिळणाऱ्या तयार पुडीत बहुधा चिकोरी असते. चिकोरी कॉफीपेक्षा लवकर विरघळून चिकट होते, मोकाच्या जाळीत आणि कागदी गाळणीत ती पाणी अडवते आणि दळण जाड असले तरी बारीक दळणासारखी लक्षणे दाखवते. पाकिटावरील घटकांची यादी वाचावी आणि चिकोरी असेल तर ती पूड दक्षिणी फिल्टरसाठीच ठेवावी.

तिसरा बिघाड शिळेपणाचा. भाजल्याची तारीख नसलेल्या, बराच काळ दुकानात पडून राहिलेल्या बियांतून पोअर-ओव्हरच्या पहिल्या भिजवणीत बुडबुडे जवळजवळ येत नाहीत आणि कॉफीला पुठ्ठ्यासारखा वास येतो. ते दिसले तर आकडा शोधणे तेथेच थांबवावे, त्या बिया थंड दुधाच्या कॉफीसाठी वापराव्यात आणि नवे पाकीट आल्यावर शून्य तपासून, मोकापासून पुन्हा सुरुवात करावी.